उणिवांचा रकाना

रावेरजवळच्या केळीच्या पॅकहाउसमध्ये मी अकरा वर्षं काढली. सुरुवात फण्या धुण्यापासून, मग ग्रेडिंग, मग सगळ्या लाईनीची तपासणी. त्यामुळे जुने शिफ्ट इनचार्ज सोडून गेले तेव्हा त्या खुर्चीवर मला बसवतील असं लाईनीवरच्या बायकांना वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं. पण पुण्याहून नवीन आलेल्या मॅनेजर साहेबांनी जाहीर केलं की ज्यांना ही जागा हवी त्यांनी स्वतःचं विश्लेषण लिहून द्यायचं. एक कागद, मधोमध रेघ. डावीकडे बलस्थानं, उजवीकडे उणिवा. खाली मोकळ्या जागेत, कोणती कौशल्यं कमी पडतात त्याची यादी.

अर्ज दोघांचेच होते. माझा, आणि डिस्पॅच बघणाऱ्याचा, ज्याला सगळे भाऊच म्हणतात. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, चांगला माणूस, बोलायला गोड. पॅकिंगच्या लाईनीवर मात्र त्याचा पाय चहापुरता पडायचा.

तो कागद मी घरी नेला आणि जेवणं उरकल्यावर भरायला बसले. आता मला सांगा, आमच्याकडे कुठल्या मुलीला स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडानं करायला शिकवलेलं असतं? डाव्या रकान्यात मी ‘प्रामाणिक’ लिहिलं, ‘कष्टाळू’ लिहिलं आणि पेन थांबला. उजवा रकाना भरायला मात्र अजिबात वेळ लागला नाही. मला पाहायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांपासून आजवर जो जो माझ्याबद्दल जे जे बोलला ते सगळं मला तोंडपाठ होतं. रागीट. शिक्षण बारावी. इंग्रजी कच्चं. कॉम्प्युटर येत नाही. तोंडावर बोलते. घरची जबाबदारी असल्यानं उशिरापर्यंत थांबता येत नाही. रकाना भरला, जागा संपली म्हणून थांबले. खालची यादी कोरीच ठेवली, कारण एवढं सगळं लिहिल्यावर आणखी काय लिहायचं राहिलं होतं?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलाखतीत साहेबांनी माझाच कागद मला वाचून दाखवला.

“ताई, तुम्हीच लिहिलंय, रागीट आहे. शिफ्ट चालवायची म्हणजे माणसं सांभाळायची. तुम्हीच लिहिलंय, थांबता येत नाही.”

“साहेब, कंटेनर असला की मी थांबतेच. अकरा वर्षांत कधी—”

“मग इथे तसं का नाही लिहिलं?”

बाहेर येऊन कळलं की भाऊनं उणिवांच्या रकान्यात एकच ओळ लिहिली होती: काम अगदी परिपूर्ण झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यानंच हसत सांगितलं. मी त्याच्या हातातला चहा सांडला नाही, एवढाच काय तो माझा रागीटपणा.

निकाल पुढच्या सोमवारी लागणार होता. मधल्या रविवारी मी लेकीला भेटायला जळगावला गेले. ती पॉलिटेक्निकला आहे, होस्टेलवर राहते. तिच्या कॉलेजात मुलांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या एक मॅडम आहेत. हे असले कागद त्या रोज भरून घेतात. लेकीनं मला ओढतच त्यांच्याकडे नेलं. मी माझ्या फॉर्मचा झेरॉक्स पुढे ठेवला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “हे सगळं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मीच लिहिलंय.”

“लिहिलं तुम्ही. सांगितलं कोणी?”

मग त्यांनी विचारलं, कामावर शेवटचा राग कधी आला होता? आठवायला कष्ट पडले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात कंटेनर दारात उभा होता आणि ड्रायव्हर घाई करत होता. मी केळीच्या गरात थर्मामीटरची सुई घातली तर एकोणीस अंश. माल कूलिंगच्या खोलीत चौदाच्या आसपास उतरल्याशिवाय भरायचा नाही, हा नियम. कंटेनर आलेली थंडी टिकवतो, एवढा गरम माल तो गार करू शकत नाही. मग केळी वाटेतच पिकतात. भाऊ म्हणाला, चालतं ताई, भरू. मी कंटेनरच्या दारात उभी राहिले आणि ओरडले. माल रात्रभर थंड झाला, सकाळी भरला. समोरून एकाही खोक्याची तक्रार आली नाही. कामावर ‘रागीट’ हे नाव मला अशाच प्रसंगांनी पडलं.

मॅडमनी ‘रागीट’वर काट मारली आणि डावीकडे लिहिलं: तापमान उतरल्याशिवाय माल भरू देत नाही, दबाव आला तरी. शेजारी पुरावा म्हणून त्या कंटेनरची गोष्ट, एका ओळीत. मला भरून आलं, आणि लगेच संताप आला. एवढी वर्षं लोकांनी माझं चांगलं काम मला दोष म्हणून विकलं, आणि मी ते विकत घेत राहिले.

मग त्यांनी पद्धत सांगितली. आधी त्या खुर्चीचं काम काय ते लिहायचं, एकेक करून. प्रत्येकासमोर आपण मागच्या हंगामात काय केलं ते. जे जमतं, पुरावा आहे, ते डावीकडे. जे काम मागतं आणि आज आपल्याला येत नाही, तेवढंच उजवीकडे. स्वभाव, परिस्थिती, नातेवाइकांची मतं यांना तिथं जागा नाही. “आणि ‘इंग्रजी कच्चं’ ही उणीव नाही, ती तक्रार आहे,” त्या म्हणाल्या. “कुठलं इंग्रजी, कशासाठी? शिकता येईल आणि शिकल्यावर तपासता येईल, असं लिहा. तीन-चारच.”

त्यांनी मला फोन करायला लावले. लाईनीवरच्या सगळ्यात जुन्या आक्कांना विचारलं, माझं काय चांगलं, काय कमी. आक्का म्हणाल्या, “तू नसली का माल परत येते, हे त साऱ्याईले माहीत आहे. पण मीटिंगमधी तू मुकी होऊन बसते व माय.” मग दोंडाईच्याला आईला फोन लावला, सगळ्या उणिवा लिहून बसलेय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “तुले काय येत नही ते बठ्ठं लिखी बसनी. काय येस ते कोण लिखी?”

तीन तास लागले. डावा रकाना भरून वाहिला आणि खालची यादी चारच ओळींची झाली. ती मला आजही पाठ आहे.

एक. कंटेनरमधलं तापमान टिपणाऱ्या लॉगरची नोंद कॉम्प्युटरवर उतरवून तिचा आलेख वाचता येत नाही.

दोन. रोजचा पॅकिंगचा तक्ता, म्हणजे खोकी, ग्रेड, बाद माल, हे सध्या वहीत मांडते. एक्सेलमध्ये बेरजांसकट मांडता येत नाही.

तीन. खरेदीदाराचा तक्रारीचा इंग्रजी मेल अर्धाच समजतो. फोटो जोडून चार ओळींचं उत्तर लिहिता येत नाही.

चार. मीटिंगमध्ये उभं राहून, आपण केलेलं काम आपलं म्हणून सांगता येत नाही.

प्रत्येकापुढे कोण शिकवेल आणि किती दिवसांत, तेही लिहिलं. परतीच्या एसटीत तो कागद मी पर्समधून चार वेळा काढून पाहिला असेल. एवढ्याच उणिवा? एवढ्याशा?

सोमवारी सकाळी आठला कागदाचा झेरॉक्स साहेबांच्या टेबलावर ठेवला, मूळ कागद माझ्या वहीत. म्हणाले, “फॉर्म एकदा दिला की दिला ताई.” पण कागद त्यांनी ठेवून घेतला, वाचला, मानही डोलावली. निकाल मात्र दुपारच्या मीटिंगलाही लागला नाही, गुरुवारवर गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, विचार करताहेत. कसला विचार चालला होता ते गुरुवारी कळलं.

गुरुवारी पॅकिंग हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. जागा भाऊला मिळाली. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग साहेब म्हणाले की नव्या इनचार्जच्या प्रशिक्षणाची योजनाही तयार आहे, आणि त्यांनी एक टाईप केलेला कागद वाचायला घेतला. लॉगरची नोंद, आलेख. रोजचा पॅकिंगचा तक्ता, सध्या वहीत. तक्रारीचा इंग्रजी मेल, चार ओळींचं उत्तर.

वहीत? भाऊकडे वही होती कधी? त्या हॉलमध्ये वही एकच होती, ती माझी, निळ्या कव्हरची, आत्ताही माझ्या काखेत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे तर नागोबाला बीळ कोणी दुसऱ्यानं टाईप करून दिलं होतं. भाऊ खाली बघत होता, म्हणजे त्यालाही माहीत होतं. आणि चौथी ओळ त्यांनी वाचलीच नाही. बरोबरच आहे, त्याला तिची गरज नव्हती.

नेहमीप्रमाणे मी गिळलं असतं. घरी जाऊन भांडी आपटली असती. पण आक्कांनी मागून पाठीत बोट खुपसलं.

“आता कायले गप बसू राहिली व माय?”

मी उभी राहिले. वही छातीशी धरली.

“साहेब, ही यादी माझी आहे,” मी म्हणाले. “रविवारी केली, सोमवारी तुम्हाला दिली. त्यात चार मुद्दे होते. चौथा राहिला, तो मी वाचते.”

आणि वहीतून माझ्या हस्ताक्षरातला कागद काढून मी तो वाचला. मीटिंगमध्ये उभं राहून, आपण केलेलं काम आपलं म्हणून सांगता येत नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “यावर नंतर बोलू.” नंतर बोलले ते एवढंच, की प्रशिक्षणाला दोघांना पाठवू. खुर्ची काही परत फिरली नाही. भाऊनं संध्याकाळी गेटजवळ “ताई, मला माहीत होतं, पण—” एवढं म्हटलं आणि पुढचं त्याला बोलता येईना. मी त्याला मदत केली नाही. चीड अजून गेलेली नाही आणि ती जावी असंही मला वाटत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी मी तो कागद ओट्यावर पसरला आणि लेकीच्या लाल पेनानं चौथ्या ओळीवर काट मारली. वरच्या तिन्ही मला अजून येत नव्हत्या.