मास्तरांनी सिगारेट सोडली, पण

टेलर मास्तरांची ख्याती अशी की गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप गळ्यातून काढायच्या आधीच यांना त्याची कंबर कळायची. पोट सुटलेल्या माणसाला पँट अशी शिवून द्यायचे की त्याला वाटावं, आपण बारीक झालो. दुसऱ्याची लाज झाकण्यात या माणसाचा हात कुणी धरला नसता. स्वतःची झाकायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी ती बायकोच्या अंगावर घातली. ही गोष्ट त्याचीच आहे.

मास्तर पन्नाशीला टेकलेले. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. लेक लग्न होऊन गेलेली. बायको घरात बसून तुरपाई, काज-बटणं करायची. मास्तर कापायचे, ती पुरं करायची. दोघांचं बोलणं तसं कामापुरतंच, पण सुट्टीच्या दुपारी दुकानाचं शटर ओढलं की मास्तर खुशीत यायचे, आणि तीही “काहीतरीच तुमचं” म्हणत हसायची. ते हसणं गेल्या दीड वर्षात हळूहळू बंद पडलं होतं. दुपार यायची, शटर ओढलं जायचं, आणि ऐनवेळी मास्तरांचं शरीर त्यांना दगा द्यायचं. पहिल्यांदा दोघं हसली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “दमला असाल.” पुढेपुढे मास्तर दुपारी शटर ओढेचनात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा काम काढून बसायचे.

शेवटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. जवळचा डॉक्टर यांचं गिऱ्हाईक. ज्याच्या कमरेचं माप आपण घेतो त्याच्यापुढे हे कसं बोलायचं? लांबच्या दवाखान्यात चिठ्ठी काढली, नंबर आला, आत गेले, आणि समोर कोण? लेकीच्या वयाची डॉक्टरीणबाई! मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“काय होतंय, काका?”

“पित्त,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईने पित्ताचे चार प्रश्न विचारले. पित्ताचं एकही उत्तर जुळेना. तिने पेन खाली ठेवलं, उठून दार लावून घेतलं आणि म्हणाली, “या खोलीत तुमच्या वयाची पुरुषमंडळी पित्त घेऊन बरीच येतात. घरात काही अडचण आहे का? बायकोच्या बाबतीत?”

आता एवढं सरळ विचारल्यावर माणूस किती वेळ जमिनीकडे बघणार? मास्तरांनी बघितलं, बराच वेळ. मग सांगितलं. सांगताना कान असे तापले की जणू गरम इस्त्री लागली.

तिने सगळं विचारलं, तेही भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात. कधीपासून? सकाळी उठताना ताठरता येते का? साखर, रक्तदाब? चढताना छातीत दुखतं? सिगारेट ओढता का?

“ओढतो. जवळजवळ तीस वर्षं झाली.”

“मग पहिला संशय तिच्यावरच,” ती म्हणाली. “तंबाखूनं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं. त्या आकसतात, पुरेशा सैल होत नाहीत. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बोंब आधी तिथे होते. हे ऐकून घाबरा थोडं. काही वर्षांनी हेच हृदयाच्या बाबतीत होऊ शकतं. तपासण्या करा, आणि सिगारेट सोडा.”

“सोडली तर परत येईल?”

“बऱ्याच जणांचं सुधारतं. काहींना काही आठवड्यांतच फरक वाटतो, पण खरं मोजमाप महिन्यांचं असतं, वर्षभर लागू शकतं. जितकी वर्षं जास्त, वय जास्त, तितकं परत येणं कमी. सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण सोडल्याशिवाय तर काहीच येणार नाही.” जाताना ती म्हणाली, “आणि हे घरी सांगा. बायको काय समजून बसली असेल देव जाणे.”

तपासण्या केल्या. साखर ठीक, रक्तदाब जरा वर. सिगारेट मास्तरांनी त्याच दिवशी सोडली, याचं मोल मोठं आहे. नुसत्या निश्चयावर सोडली. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. दवाखान्यात गेल्याचंसुद्धा नाही. कापडाच्या घाऊक बाजारात गेलो होतो, म्हणाले.

तीन महिने गेले. आणि एका सुट्टीच्या दुपारी मास्तरांनी धीर करून शटर ओढलं. बायकोने बघितलं, हसली, आणि इतक्या दिवसांनी केसांचा अंबाडा सोडला. मास्तरांना वाटलं, आता तर झालंच पाहिजे. आणि मनातली ही घाई अशी की ती आणखीच घात करते. काही झालं नाही. काडीमात्र फरक नाही.

मास्तर पलंगाच्या कडेला पाठ करून बसले. तीन महिने इतका जीव काढला, आणि हा नतीजा! ती हळूच म्हणाली, “राहू द्या हो. होतं असं.” तिची ती दया मास्तरांना सहन झाली नाही. तोंडातून निघून गेलं, “तुझ्यातच आता काही राहिलं नाही, त्याला मी काय करू?”

नाचता येईना अंगण वाकडं! पण अंगण वाकडं म्हटल्याने अंगणाला काही होत नाही, हिला झालं. ती उठली, केस बांधले आणि त्या दिवसापासून लेकीच्या रिकाम्या खोलीत झोपायला लागली. चार दिवसांनी मास्तर पडद्याआडून दुकानात येत होते, तर ती गिऱ्हाइकांच्या मोठ्या आरशापुढे उभी. पदर बाजूला करून स्वतःच्या पोटाकडे, दंडाकडे बघत होती, जसं मास्तर रद्द झालेल्या कपड्याकडे बघतात तसं. मास्तर आल्या पावली मागे फिरले. त्या वेळी एक शब्द बोलायला हवा होता.

त्याच रागात ते पुन्हा डॉक्टरीणबाईकडे गेले. “सोडली सिगारेट. तीन महिने झाले. एक झुरकासुद्धा नाही. काय झालं? शून्य!”

तिने सगळं ऐकलं. मग भुवया वर करून म्हणाली, “काका, बोलताना तुमचा खालचा ओठ फुगलाय.”

मास्तरांनी ओठ आत ओढला.

“काय आहे तोंडात?”

“काही नाही. चिमूटभर तंबाखू. ती काय, कामाची असते.”

आता याचा खुलासा केलाच पाहिजे, कारण ही चूक एखाद्या टेलर मास्तरच्याच हातून व्हावी. कटिंगच्या टेबलावर सिगारेट चालत नाही. राख पडली की भारी सुटिंगला भोक, आणि भोक पडलं की भरपाई. म्हणून वस्तादाच्या हाताखाली होते तेव्हापासून कापायला बसलं की सिगारेट बाहेर, चिमूट ओठाखाली. ती व्यसनात धरायचीच नाही, टेप आणि खडूसारखी कामाची वस्तू. आणि सिगारेट सुटल्यापासून तलफ आली की चिमूट, अशी ती दिवसातून किती वेळा झाली, हे मास्तरांनाही सांगता आलं नसतं. घोड्यावरून उतरून गाढवावर बसले होते, आणि विचारत होते की मी पायी का चालत नाहीये.

डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. “चूक माझीही आहे. मी ‘ओढता का’ एवढंच विचारलं. अहो, धूर नाही म्हणून तंबाखू बदलते का? निकोटीन रक्तात जातंच, वाहिन्या आकसतातच. तुम्ही काहीच सोडलेलं नाही.” तिने ओठ उलटून बघितला. आत पांढरा चट्टा. त्या चट्ट्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, व्यसन सोडवायच्या समुपदेशनाला नाव घातलं. आणि म्हणाली, “मोजणी आजपासून. मागचे तीन महिने विसरा.”

मागचे तीन महिने विसरा! त्या तीन महिन्यांच्या भरवशावरच तर मास्तरांनी बायकोला ते वाक्य ऐकवलं होतं.

पुढचे आठवडे वाईट गेले. चिडचिड, झोप नाही. एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच कापून बसले. गिऱ्हाइकाला सांगायची सोय राहिली नाही. ओठाखाली जीभ सारखी फिरायची आणि काही सापडायचं नाही. पण या वेळी खरंच सोडली. तोंडाच्या डॉक्टरांनी चट्टा तपासला. म्हणाले, धोक्याचं काही दिसत नाही, कमी होतोय, पण नजर ठेवू.

दुसरा महिना संपता संपता एका पहाटे मास्तर जागे झाले आणि त्यांना जाणवलं, शरीर आपल्या आपण जागं आहे. क्षणभरच. पुन्हा काही दिवस काही नाही. मग परत. सहाव्या महिन्यापर्यंत आठवड्यातून दोन-तीन सकाळी. डॉक्टरीणबाई खूश झाली. “वाहिन्या सुधारतायत. तिशीतल्यासारखं होणार नाही, तीस वर्षांचा हिशेब आहे. अजूनही वाढेल, काही राहून जाईल. लागलीच तर गोळी आहे, हृदय तपासून देऊ. घरी सांगितलंत ना?”

“सांगतो,” मास्तर म्हणाले.

त्या दुपारी बायको पडद्याशी बसून पँटची तुरपाई करत होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले, कधी बसत नसत तसे. एका दमात सगळं बोलून टाकलं: दवाखाना, सिगारेट, चिमूट, वाहिन्या, सकाळ. बोलताना खरं तर आनंदच होता त्यांना. “म्हणजे बरं होतंय गं. पूर्ण नाही, पण बरंचसं. अजून वर्षभर सुधारत राहतं म्हणतात.”

सुई चालू होती. “म्हणजे माझ्यामुळे नव्हतं.”

“नव्हतंच.”

“हे तुम्हाला कळलं कधी?”

मास्तरांनी खोटं बोलायला तोंड उघडलं. ‘दवाखान्याच्या दुसऱ्या खेपेला कळलं’ असं म्हणता आलं असतं. तिने कुठून पडताळायचं होतं? पण तिने सुई थांबवली होती आणि वर बघितलं होतं.

“पहिल्याच दिवशी,” ते म्हणाले. “डॉक्टरीणबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“म्हणजे त्या दुपारच्या आधी.”

“आधी.”

तिने सुई कापडात टोचून ठेवली. म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं, आणि तरी मला म्हणालात.”

“चुकलो गं. लाज वाटली मला.”

“तुमची लाज मी इतके महिने घालून हिंडतेय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “डॉक्टरीणबाईला एवढं सगळं विचारलंत, किती महिन्यांत काय परत येतं ते. माझं विचारलंत का?”

तिने तुरपाई पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि पँट त्यांच्या मांडीवर ठेवली. रात्री जेवायला वाढलं. पाणी दिलं. “तंबाखू मात्र परत धरू नका,” असंही म्हणाली. आणि मग रोजच्यासारखी लेकीच्या खोलीत झोपायला गेली.