सांडूचा कडूबा

देवगाव रंगारीच्या कडूबा गाडेकरांना दोन मुलं होती, पुंजाराम आणि सांडू. म्हातारा वारला तेव्हा दोन्ही सुना पोटुशी होत्या. दोघींना मुलगेच झाले. आजोबांच्या नावावर हक्क दोन्ही भावांचा सारखाच. माघार कोणीच घेतली नाही. घरात दोन कडूबा झाले. पुंजारामचा थोरला, सांडूचा धाकटा. गावाला यात अडचण वाटली नाही. गाव माणसाला बापावरून ओळखतं.

दुष्काळात गावात टँकर येऊ लागला. नंबरावरून भांडण झालं आणि थोरल्यानं टँकरच्याच पान्यानं ड्रायव्हरचं डोकं फोडलं. ड्रायव्हर जगला, पण त्याचा एक डोळा गेला. थोरला कोर्टाच्या तारखांना गेला नाही. तो शहरात आला, प्लॉटिंगच्या धंद्यात शिरला. शहर वाढत होतं, त्याला अशी माणसं लागत होती.

धाकटा वाळूजच्या एका कारखान्यात वॉचमन होता. गावच्या शिबिरात आधार काढताना त्याला नाव विचारलं, तेव्हा तो ‘कडूबा गाडेकर’ म्हणाला. तेवढंच छापलं गेलं. पुढं वॉरंट निघालं ते ‘कडूबा पुंजाराम गाडेकर’ या नावानं, आणि ते घेऊन जमादार कारखान्याच्या गेटवर आला.

“बापाचं नाव?”

“सांडू.”

“आधारवर कुठंय?”

नव्हतं. जमादारानं पहिली थोबाडीत दिली. धाकट्यानं मतदान कार्ड काढलं. त्यावर बापाचं नाव होतं. जमादार म्हणाला, “दोन कार्डं, दोन नावं!” आणि दुसरी दिली. ठाण्यात पट्ट्यानं सोलला. गावचे पोलीस पाटील येऊन ‘हा तो नव्हे’ असं सांगेपर्यंत त्याला कोठडीत पालथंच झोपावं लागलं. मॅनेजरनं बजावलं, “आधी कार्ड नीट करून आण. परत पोलीस गेटवर आले तर तुला घरी बसवीन.”

म्हणून तो शहराच्या छावणी भागातल्या आधार केंद्रावर गेला. ते शैलाबाई चालवत. त्यांचे सासरे आयुष्यभर कचेरीत कारकून होते. बाईंना कागद चुकलेला सोसत नसे. धाकट्यानं मतदान कार्ड पुढं केलं. त्यावर होतं ‘गाडेकर कडूबा सांडू’.

“असंच टाका, म्याडम.”

“असं टाकलं तर बँकेचा कॉम्प्युटर शेवटचा शब्द आडनाव धरेल. तुम्ही श्रीयुत सांडू व्हाल. आधी तुमचं, मधे वडिलांचं, शेवटी आडनाव. पॅन काढाल, खातं उघडाल, तिथंही हाच क्रम. मधला रकाना रिकामा सोडायचा नाही.”

“वडलांना समदे सांडूपाटील म्हणत्यात. पाटील बी टाका की.”

“कार्डावर पाटील आहे का? नाही ना. जे छापलंय तेच, अक्षर न् अक्षर.”

इतक्यात थोरला आत आला. त्याला बातमी लागली होती. धाकट्याच्या कार्डात बाप नव्हता, तोवर वॉरंटला धाकटाच सापडत होता. ही सोय त्याला मोडायची नव्हती.

“लई दिवसांनी बाप आठवला व्हय रं? बाई, ते मधलं पुसा.”

“अर्जदार हे आहेत. तुम्ही बाहेर थांबा,” शैलाबाई म्हणाल्या.

थोरल्यानं शटर ओढायची सळई उचलली, धाकट्याचा उजवा हात टेबलावर दाबला आणि बोटांवर घातली. दोनदा. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“आता लाव अंगठा!”

रांगेतले लोक एवढा वेळ नियमानं उभे होते. सळई शैलाबाईंकडं वळली तेव्हा मात्र रांग मोडली. थोरल्याला लोकांनी फरशीवर पाडून इतकं तुडवलं की त्याचे दोन दात यंत्राखाली सापडले.

धाकटा जागचा उठला नाही. “घ्या की, म्याडम,” तो म्हणाला. डाव्या अंगठ्यालाही रक्त लागलं होतं. यंत्रानं तो दोनदा नाकारला. शैलाबाईंनी डोळ्यांवर यंत्र धरलं. बुबुळ जुळलं. मग केंद्रचालक म्हणून त्यांनी आपला अंगठा लावला आणि पावती काढली: कडूबा सांडू गाडेकर.

कुणीतरी फोन केला होता. जमादार आला आणि सवयीनं त्यानं धाकट्याचीच कॉलर धरली. शैलाबाईंनी पावती त्याच्या नाकासमोर धरली.

“पावती म्हणजे कार्ड नव्हं, बाई,” तो म्हणाला. पण फरशीवरच्याकडं वळला. “ए, तुझं नाव?”

“कडूबा गाडेकर.”

“बापाचं?”

थोरल्यानं तोंडातलं रक्त थुंकलं. “सांडू.”

धाकट्यानं आजवर कुणावर हात उचलला नव्हता. त्यानं डाव्या हातानं थोरल्याच्या फुटक्या तोंडावर ठोसा मारला. “माझा बाप चोरतो व्हय रं!”

जमादारानं त्याला अडवलं नाही. त्यानं थोरल्याचं पाकीट काढलं. त्यात गाडीचं लायसन होतं. नावाखाली वडिलांचं नाव छापलं होतं: पुंजाराम. जमादार ते सावकाश वाचत राहिला. मग धाकट्याकडं न बघता त्यानं थोरल्याला बेडी घातली.

सरकारी दवाखान्यात केसपेपरवाल्यानं धाकट्याला नाव विचारलं आणि ‘कडूबा गाडेकर’ एवढंच लिहून कागद पुढं सरकवला. हात कोपरापर्यंत सुजला होता. डॉक्टर प्लास्टर घेऊन उभे होते.

“हात द्या.”

“आधी मधलं लिवा,” धाकटा म्हणाला.