सासूबाईंचा श्वास कुणी कापला?

माझ्या सासूबाई सरकारी नोकरीतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या, पण रुबाब अजून तसाच आहे. घरात त्यांना न विचारता कुणी फ्रिजमधली पातेली हलवली, तर कारण द्यावं लागतं. अशा बाईने एक गाणं लिहिलं, स्वतःच चाल लावली, स्वतःच गायलं आणि वर एका छोट्या म्युझिक चॅनलने ते घेतलं. आता बोला! महिनाभर आमच्या पूर्व दिल्लीतल्या फ्लॅटमध्ये दुसरा विषय नव्हता.

गाणं साधंच होतं. जानेवारीतली गच्ची, दुपारचं ऊन, बायका मटार सोलत बसल्यात आणि गप्पा मारतायत, एवढंच. वाद्यं आणि रेकॉर्डिंग माझ्या धाकट्या दिराचं. तो गुरुग्रामला एका कंपनीत आहे, आणि घरातल्या एका खोलीला गाद्या ठोकून तिला स्टुडिओ म्हणतो.

चॅनलने व्हिडिओसाठी डिरेक्टर पाठवला. तिशीतला पंजाबी मुलगा, लग्नांचे व्हिडिओ करून हात बसलेला. गोड बोलायचा, पण येताना गाडीतून एक मॉडेल मुलगी घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, पहले आंटीजी पर शूट करते हैं. लिप सिंक नहीं बैठा, तो चार बजे धूप जाने से पहले इसको बिठा देंगे. आवाज़ आंटीजी की, चेहरा इसका."

हे सासूबाईंनी ऐकलंच. त्यांचे कान त्या बाबतीत फार तिखट. मला स्वयंपाकघरात ओढून त्या म्हणाल्या, "गाणं माझं, गळा माझा, आणि तोंड दुसऱ्याचं? मग मी मेले की काय?" डोळे भरले होते, पण मी बघतेय म्हटल्यावर लगेच मटारच्या पिशवीवर ओरडायला लागल्या. त्यांना ते किती लागलंय हे मला तेव्हा कळलं, आणि मीही मनात म्हटलं, बघतेच आता.

मी नोएडात एडिटिंग करते, त्यामुळे प्लेबॅक लावायचं काम घरबसल्या माझ्या गळ्यात पडलं. काम असं. गाणं स्पीकरवर लावायचं, आणि समोरच्याने त्याच्याबरोबर मोठ्याने गायचं. नुसते ओठ हलवून चालत नाही, गळ्याच्या शिरा खोटं बोलत नाहीत. तेच गाणं जवळून घ्यायचं, लांबून घ्यायचं, बाजूने घ्यायचं. प्रत्येक वेळी सुरुवातीला चार टिकटिक वाजतात, त्यावर सगळ्यांनी एकदम गाणं उचलायचं. कॅमेऱ्यात स्पीकरचा आवाजही जातो, त्याच्या आधाराने मी नंतर प्रत्येक तुकडा मूळ गाण्यावर बसवणार. ओठ मागेपुढे झाले, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी गडबड आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

शूटिंग आमच्याच गच्चीवर होतं, आणि सासूबाईंच्या मागे कोरसला सोसायटीतल्या तीन काकू होत्या. त्यांचं सिंक सुरुवातीला असं गेलं की डिरेक्टरने डोक्याला हात लावला. पुढच्या दोघी बरोबर, आणि पाण्याच्या टाकीजवळ बसलेल्या काकू प्रत्येक ओळीला मागे. मी सूचना दिल्या, काकू चिडल्या, "अगं मी बरोबरच म्हणतेय!" शेवटी जाऊन बघितलं, तर टाकीमागे सासऱ्यांनी आपला ब्लूटूथ स्पीकर चालू करून ठेवलेला. "तिला लांबून ऐकू येत नसेल म्हणून जोडला," सासरे म्हणाले. आता ब्लूटूथला आवाज पोचवायला जरासा उशीर लागतो. काकू बिचाऱ्या त्या उशिराच्या आवाजाशी अगदी तंतोतंत जुळवून गात होत्या. मी तो स्पीकर बंद केला आणि वायरचा स्पीकर त्यांच्याजवळ सरकवला. सासरे दिवसभर माझ्याशी फक्त मान हलवून बोलले.

मग डिरेक्टरला हवा होता स्लो मोशन. केस उडतायत, पदर उडतोय, आणि ओठ तरीही गाण्यावर. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने लावायचं, त्या वेगाने गायचं, कॅमेराही दुप्पट फ्रेम घेणार, म्हणजे नंतर सावकाश चालवलं की सगळं जागेवर येतं. मी बटण दाबलं आणि सासूबाईंचा गंभीर आवाज उंदरासारखा चिरचिरत निघाला. काकू हसून हसून आडव्या! एकीच्या मांडीवरचे मटार गच्चीभर उधळले. सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हसा. माझ्या जिवावर हसा." डिरेक्टरने स्लो मोशनचा नाद सोडला.

खरा घोळ अंतऱ्यात निघाला. ओळ होती, 'मटार सोलता सोलता, दिवस कसा गं सरला.' मुखड्यात सासूबाईंचे ओठ अगदी चपखल बसायचे आणि इथे 'दिवस' आला की घसरायचे. प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढ्याच उशिराने. डिरेक्टर म्हणाला, "आंटीजी, थोड़ा जल्दी." जल्दी केलं तर त्या इतक्या पुढे पळाल्या की पुढची ओळच हुकली. काकूंनी सल्ले दिले, सासऱ्यांनी लांबून टाळ्यांनी ताल धरला, त्याने तर सगळंच बिघडलं.

"आई, तुम्ही घरी याची प्रॅक्टिस केली होती ना?" मी विचारलं.

"माझंच गाणं मी काय पाठ करू? ऐकलं की फोनवर, दोनदा रडलेसुद्धा."

तिकडे ती मॉडेल मुलगी खुर्चीत बसून हळूच ओठ हलवत होती. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पण बोटांवर मात्रा मोजत होती आणि 'दिवस' अचूक पकडत होती. माझं तर डोकंच फिरलं. डिरेक्टरने घड्याळ बघितलं आणि मेकअपवाल्याला इशारा केला.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता कुणाचा तरी निकाल लागतो. त्या सरळ माझ्या लॅपटॉपपाशी आल्या आणि म्हणाल्या, "लाव ती ओळ. नुसती माझी." मी वाद्यं बंद करून त्यांचा आवाज लावला. त्यांनी एकदा ऐकलं, परत ऐकलं, आणि बोट स्क्रीनवर ठेवलं. "सोलता सोलतानंतर मी दम घेते. कायम घेते. इथे तो कुठाय? ही बाई श्वास न घेता गातेय. अशी मी गायलेच नाही."

मी आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. अरे देवा! 'सोलता' संपतंय तिथेच जोड दिसत होता. श्वास अलगद कापून टाकलेला, आणि 'दिवस' एका वेगळ्या टेकमधून आणून जरासा अलीकडे ओढून तालावर चिकटवलेला. असं स्टुडिओत सगळे करतात, मीही रोज करते. तीनचार टेक गायचे आणि चांगले तुकडे जोडून एक गाणं बनवायचं. ऐकायला ते छान लागतं. पण ते गाणं त्या बाईने सलग कधी गायलेलंच नसतं, आणि आम्ही तिला सांगत होतो की स्वतःशी जुळवून घे. ती मुलगी मोजत होती म्हणून तिचं जमत होतं. सासूबाई गात होत्या.

मी दिराला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, कुजबुजत म्हणाला, "वहिनी, नंतर."

सासूबाईंनी फोन हिसकावला. "माझा श्वास तू कापलास?"

"आई, सगळ्यांचाच कापतात गं. ऐकायला क्लीन लागतं."

"नऊ महिने मी श्वास घेत होते म्हणून तू आलास! माझा सगळा टेक पाठव. न कापलेला. आत्ता." आणि त्याच्या मीटिंगला ऐकू जाईल असा आवाज चढवून, "मी वाट बघतेय!"

फाइल लगेच आली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत गायलेली. शेवटी एक सूर किंचित खाली गेलेला, म्हणून दिराने तो टेक बाजूला टाकला होता. मी त्याच वाद्यांवर जुना आवाज काढून हा बसवला. सासूबाईंनी तो गाताना हीच वाद्यं कानात ऐकली होती, त्यामुळे लय तीच राहिली, टिकटिक तीच, आणि काकूंचे आधी घेतलेले सगळे शॉट्स जागच्या जागी कामाला आले. डिरेक्टर खांद्यावरून बघत होता. "पर दीदी, फाइनल गाने में भी यही वॉइस डालनी पड़ेगी. चैनल मानेगा?"

"मानेल," मी म्हटलं. "नाही मानलं, तर आईंचा नंबर देईन."

तो हसला, पण ऊन आता कठड्याच्या पायाशी आलं होतं. फार तर एकदोन टेक होणार होते. सासूबाई जागेवर बसल्या, पदर सारखा केला, हातात शेंग घेतली. मी बटण दाबलं. चार टिकटिक झाल्या, मुखडा गेला, अंतरा आला. 'मटार सोलता सोलता', आणि त्यांनी श्वास घेतला. तोंड उघडून, खांदे वर नेऊन, कॅमेऱ्याच्या नाकासमोर. स्पीकरमधल्या सासूबाईंनीही तेव्हाच घेतला. 'दिवस' दोघींचा एकदम आला. टाकीजवळच्या काकूंनी शॉट चालू असतानाच डोळे पुसले, आणि मीही. डिरेक्टर कट म्हणायचं विसरला.

मग त्याने मेकअपवाल्याला हाताने नको म्हटलं. ती मुलगी खुर्चीतून उठली, पर्स उचलली. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, तिलाच कळलं होतं. मला उगाच वाईट वाटलं. सकाळपासून बिचारी थंडीत तयार होऊन बसली होती.

"ए, कहाँ चली?" सासूबाईंनी हाक मारली. "इधर आओ. अभी एक टेक की धूप है."

ती गोंधळून आली. सासूबाईंनी तिला कोरसमध्ये आपल्या शेजारी बसवलं, हातात मटारच्या शेंगा दिल्या आणि तिचं मोजणारं बोट धरून खाली केलं. "गिनना मत," त्या म्हणाल्या. "जब मैं साँस लूँ, तब तुम भी लेना."