ताकद होती तरी

माझे वडील परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. आजोबांनी दारूपायी घर बुडवलं होतं, त्यामुळे वडील वरातीतसुद्धा पिणाऱ्यांपासून चार हात लांब असायचे. अशा माणसाला मिलने दारुडा ठरवून काढलं, आणि साक्ष दिली त्यांच्याच खात्यातल्या जिवलग मित्राने. त्या काकांना मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही.

सकाळच्या पाळीत वडिलांना एकाएकी चक्कर आली. डोकं मागून ठणकायला लागलं, मागाशेजारीच उलटी झाली, आणि उठले ते झोकांड्या खात. जीभही जड झाली होती. काकांनीच त्यांना खांद्याला धरून मिलच्या दवाखान्यात नेलं. तिथली तपासणी ठरलेली होती: बोटं आवळ, पाय रेटून धर. वडिलांनी डॉक्टरची बोटं अशी आवळली की तो कळवळला. "ताकत तो पूरी है, लकवा-वकवा कुछ नहीं. पीके आया है."

मिलला माणसं कमी करायचीच होती, तिला निमित्तच हवं होतं. चौकशीत साहेबाने काकांना विचारलं, तोंडाला वास येत होता का?

"येत होता साहेब," काका म्हणाले.

चक्कर आली त्या दिवशी वडील आमच्या उंबऱ्यातही अडखळले होते. आई आधार द्यायला पुढे झाली आणि तिने हळूच त्यांचं तोंड हुंगलं. वास नव्हता. पण तिने हुंगलं, हे वडिलांनी पाहिलं. नंतर किती दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

पुढे थोड्याच महिन्यांत मिलच बंद पडली. गल्लीतले सगळेच पुरुष घरी बसले; पण ते ठरले बेकार आणि आमचे वडील बेवडे. पाय फाकवून, भिंत धरत नळावर निघाले की ओट्यावरून कुणीतरी हाक मारायचं, "क्या भिया, सुबे-सुबेच?"

शेवटी मी त्यांना पलासियाला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मराठी होते, वयस्क. त्यांनीही आधी ताकदच पाहिली. ती पुरेपूर होती. मग म्हणाले, "दादा, या बोटाने आपलं नाक शिवा, मग माझं बोट." वडिलांचा उजवा हात निघाला बरोबर, पण बोट जवळ येईल तसतसा थरथरायला लागला आणि निशाण सोडून पुढे गेला. डावा हात नीट पोचला. डोळे उघडे असूनही पाय जुळवून उभं राहता येईना. सीटी स्कॅनमध्ये दिसलं: लहान मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि त्याची झळ मधल्या भागालाही लागली होती.

"पण सर, ताकत आहे ना त्यांच्यात?" मी जवळजवळ भांडलेच.

"ताकदीचा हुकूम मोठ्या मेंदूतून सुटतो, बेटा. ती वाट शाबूत आहे. लहान मेंदू फक्त माप ठेवतो. हात किती न्यायचा, कुठे आवरायचा, एक स्नायू ढिला करून दुसरा कधी ताणायचा, हे तो क्षणोक्षणी सुधारत असतो. मोटर चालूच आहे, साच्याचं माप जुळवणारा जॉबर गेलाय, असं समजा." आणि पुढे म्हणाले, "दारूही याच लहान मेंदूला झिंगवते. म्हणून प्यायलेला आणि असा आजारी, दोन्ही माणसं सारखीच दिसतात."

वडिलांनी तुटक, ओढलेल्या शब्दांत एवढंच विचारलं, "म्हणजे, मी, प्यायलो नव्हतो, हे दिसतं ना यात?" डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. वडील माझ्यादेखत रडले.

बातमी कळल्यावर काका घरी आले. मी सगळं फडाफडा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आला. "अरे, डॉक्टर को नहीं समझा, तर मला काय कळणार होतं?"

वडील दाराशी उभे होते. "तू धरलं होतंस मला. माझं तोंड तुझ्या खांद्यावर होतं."

काका खाली बघत म्हणाले, "नव्हता रे वास. मिल बंद झाल्यावर मशिनी उतरवायला चार माणसं ठेवणार होते. मला वाटलं, साहेबाच्या मनासारखं बोललो तर त्यात माझा नंबर लागेल."

वडिलांनी उजवा हात उगारला. सगळा जोर त्या हातात होता, मी शपथेवर सांगते. पण तो काकांच्या गालापासून वीतभर दूर गेला आणि धाडकन चौकटीवर बसला. बोटांची सालं निघाली, तोल गेला, आणि आई धावेपर्यंत काकांनीच त्यांना खांद्याला धरलं, अगदी त्या दिवसासारखं. वडिलांना ते हात झिडकारायचे होते. पण झिडकारले असते तर पडले असते, म्हणून ते तसेच, त्यांच्याच आधाराने उभे राहिले.