शेवटची चौकट

आमच्या शाळेत मी चौथीला शिकवते, ममता पाचवीला. मध्ये एकच भिंत. माझं तोंड जरा फाटकंच आहे, म्हणून आधीच सांगते: या बाईला मी अकरा वर्षं डोक्यावर घेऊन नाचले. आता तीच माझ्या मनातून उतरली.

मुलांकडून गोष्ट लिहून घ्यावी ती ममतानेच. सोमवारी प्रत्येकाच्या हाती आराखड्याचा कागद. सहा चौकटी: कोण, कुठे, काय हवंय, आडवं काय आलं, मग काय केलं, शेवट काय झाला. आधी जोडीदाराला गोष्ट तोंडी सांगायची, मग चौकटीत दोन-चार शब्दच लिहायचे. मंगळवारी कच्चा मसुदा, एका दमात. त्या दिवशी सगळे खोडरबर बिस्किटांच्या डब्यात जमा. चुकलं तर एक रेघ मारा आणि पुढे चला. बुधवारी जोडीदाराला वाचून दाखवायचं, कुठे कळलं नाही ते त्याने सांगायचं. गुरुवारी दुसरा मसुदा. शुद्धलेखन शुक्रवारी, त्याआधी नाही. शनिवारी पक्की प्रत. आणि मसुद्यावर बाईचा पेन कधीच चालायचा नाही. तिला काही विचारायचं असेल तर ती चिठ्ठीवर प्रश्न लिहून वहीत ठेवायची. "गोष्ट ज्याची, शेवट त्याचा," असं ती वर्गात म्हणायची. हे मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या चौथीलाही पाठ झालं.

तिच्या वर्गात फुली होती, रेवजी पावऱ्याची मुलगी. घरी पावरी बोलणारी पोर, शाळेत चार वर्षं तिने हजेरीपुरतं तोंड उघडलं असेल. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, पूर्वी तिलाही नेत, आता ती गावातच आत्याकडे राहते. या वर्षी तिने कोंबडीची गोष्ट लिहिली. मुलीला आपली कोंबडी तोडीवर न्यायची आहे, पण ट्रॅक्टरवाला नाही म्हणतो. ती कोंबडी भांड्यांच्या टोपलीत लपवते, कोंबडी ओरडते, सापडते. पहिल्या मसुद्यात शेवट नव्हता. ममताने चिठ्ठी ठेवली: 'मग त्या संध्याकाळी काय झालं?' गुरुवारी फुलीने लिहिलं: 'बापाने कोंबडी कापली. मुलगी रडली. मग जेवली. तिला भूक लागली होती.'

ममताने मधल्या सुट्टीत मला ते वाचून दाखवलं. दोघींच्या हातातला चहा गार झाला. मुख्याध्यापक उमाकांत सरांनीही वाचलं आणि गोष्ट केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, स्पर्धेला पाठवा म्हणाले. फुली त्या दिवशी आपणहून माझ्या वर्गाच्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, माझी गोष्ट जाणार आहे." चार वर्षांत मी ऐकलेलं तिचं हे पहिलं आख्खं वाक्य.

महिन्याने पहिला नंबर आला. परिपाठाला सरांनी छापलेल्या पुस्तिकेतून गोष्ट मोठ्याने वाचली. सगळं फुलीचंच होतं, ट्रॅक्टर, टोपली, कोंबडीचं ओरडणं. आणि शेवटी बापाला दया आली, त्याने कोंबडीला सोबत नेलं, आणि मुलांनो, प्राण्यांवर प्रेम करा. टाळ्या पडल्या. मी फुलीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती मागे वळून बघत होती, सरांनी दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं असावं तशी.

मला वाटलं, हे केंद्रातल्या कुणाचं काम. तणतणत ऑफिसात गेले आणि पाठवलेली प्रत मागितली. कपाटातल्या झेरॉक्सवर शेवटचा परिच्छेद ममताच्या अक्षरात होता. तिचा वळणदार 'श' मी अकरा वर्षं फळ्यावर पाहतेय.

मी तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. चिडले की मला अहिराणीच सुचते. म्हटलं, "ममता, ती गोष्ट तुन्ही नै, तिन्ही शे. तू कसाले हात लावा?" तुझी नाही, तिची आहे, हात कशाला लावलास, एवढंच.

ती खाली बघत म्हणाली, "स्पर्धेले बोध लागस, ताई. पोरीचा नंबर हुकला असता. आणि लोक तिच्या बापाला काय म्हणाले असते?"

बाप तिचा, कोंबडी तिची, भूक तिची. आणि लाज हिला! मला रडू आलं ते रागाचं. चोरी परक्याने केली असती तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ही तर आपलंच माणूस.

सोमवारी पाचवीत पुन्हा आराखड्याचे कागद वाटले गेले. दुपारी ममता माझ्या दारात आली आणि फुलीचा कागद तिने माझ्या टेबलावर ठेवला. कोण, कुठे, काय हवंय, सगळं नीट, गोल अक्षरात भरलेलं. सहाव्या चौकटीत लिहिलं होतं: 'शेवट बाई लिहितील.'