नाहीकाका आणि अकरा फ्रेम

आमच्या प्रयोगशाळेत कॅमेऱ्याचं चित्रण तपासणारे जे वरिष्ठ होते, त्यांना पाठीमागे सगळे ‘नाहीकाका’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी. पोलीस धूसर चित्रण घेऊन यायचे, पळून गेलेल्या गाडीचा नंबर विचारायचे आणि दहातल्या आठ वेळा काकांच्या अहवालाचा शेवट ठरलेला असायचा: नंबर वाचता येत नाही. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. पहिली दोन वर्षं मला त्यांचा भयंकर राग यायचा. आपल्याला काय नाही म्हणायला नोकरीवर ठेवलंय का, असं मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, बहुतेक तेवढ्याचसाठी.

त्यांची एक खोड होती. पोलिसांच्या पत्रात संशयिताच्या गाडीचा नंबर असला, तर त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि मगच पत्र त्यांच्या टेबलावर ठेवायचं. आधी ते चित्रण बघणार, दिसेल ते लिहून सही करणार आणि त्यानंतर पट्टी काढणार. कारण जुनं होतं. तरुणपणी एका अधिकाऱ्याने त्यांना नंबर आधीच सांगितला आणि काकांना तीनच्या जागी आठ दिसला. खोटं बोलले नव्हते, खरंच दिसला. त्या आठवर एक माणूस चौदा महिने आत बसला. सुटून घरी आला तेव्हा त्याची आई गेलेली होती. हे काकांनी मला एकदाच सांगितलं, बेसिनपाशी कप धुताना, माझ्याकडे पाठ करून.

तर एका सकाळी एक तपास अधिकारी आले आणि त्यांच्यामागून एक शिंपी. शिंप्याची मुलगी नर्स होती. सकाळच्या पाळीला रस्त्याच्या कडेने चालत जात असताना पांढऱ्या व्हॅनने तिला उडवलं. मुलगी जागीच गेली आणि व्हॅन थांबली नाही. समोरच्या गोदामाच्या दारावर कॅमेरा होता. मी तेव्हा आतल्या खोलीत, काचेपलीकडे दुसऱ्या कामात होते. मला नुसते हातवारे दिसले, बोलणं सगळं माझा अहवाल गेल्यावर कळलं. शिंप्याने खिशातून एक छापील फोटो काढून काकांपुढे ठेवला. त्यात व्हॅनची पाटी होती, दुकानातून आत्ताच आणल्यासारखी स्वच्छ. फोटो स्टुडिओवाल्याने कुठल्याशा ॲपमध्ये घालून ती काढून दिली होती. शिंप्याने नंबर मोठ्याने वाचूनही दाखवला.

काकांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, आता हे काम माझ्याकडून होणार नाही, मला तोच नंबर दिसत राहील. अधिकाऱ्यांना वाटलं, म्हातारा कामचुकारपणा करतोय. त्यांनी आपली बाजू मांडली: पहिल्या तीन वेळा ॲपने दिलेले नंबर कुठेच नोंदलेले नव्हते, चौथ्यांदा आलेला नंबर बरोबर पांढऱ्या व्हॅनचा निघाला, तिचा ड्रायव्हर त्याच भागातला, तो आता कोठडीत आहे. हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. हवं ते दान पडेपर्यंत फासे टाकत राहायचे आणि मग नशीब बघा म्हणायचं, असला हा तपास.

काम माझ्याकडे आलं, पत्रावर पट्टी लावूनच. अधिकाऱ्यांनी दिलेलं चित्रण फोनवरून फोनवर फिरलेलं, म्हणजे दर फेरीत दाबून लहान केलेलं. मी मूळ रेकॉर्डर मागवला. व्हॅन एकूण अकरा फ्रेममध्ये दिसत होती आणि त्यातल्या आठांत नुसता फराटा होता. उरलेल्या तिनांत पाटी तीस ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. पाटीवर अक्षरं-आकडे दहा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला मधल्या फटीसकट तीन ठिपके. मी तिन्ही फ्रेम नेमक्या एकावर एक बसवून त्यांची सरासरी काढली. असं केलं की चित्रातली खरखर कमी होते आणि तिन्हींत असलेलं तेवढं वर येतं. पाटीचा तिरकेपणा काढला, उजेड-अंधार वाढवून पाहिला. चौथ्या जागी काहीतरी बारीक, उभं होतं. एक असावा. बाकी नऊ जागी नुसते डाग.

मला तो नंबर हवा होता. ती मुलगी माझ्याच वयाची होती. मी चार दिवस त्या डागांकडे बघत बसले आणि दर दिवशी मला वेगळा आकडा दिसला.

मग तशीच व्हॅन घेऊन मी त्याच जागी गेले, सकाळी त्याच वेळी, तोच कॅमेरा आणि तोच रेकॉर्डर. आम्हीच लिहिलेल्या पाट्या लावून व्हॅन तेवढ्याच वेगाने फिरवली. तीन, सहा, आठ, नऊ, सगळ्यांचा सारखाच डाग आला. मी लिहिलं: चौथी जागा बहुधा एक, बाकी वाचता येत नाही. सही केली आणि पट्टी काढली. अटकेतल्या ड्रायव्हरच्या नंबरात चौथ्या जागी ‘एक’च होता. पण तसा तो हजारो गाड्यांना असतो. हे चित्रण त्या ड्रायव्हरला धरतही नव्हतं आणि सोडतही नव्हतं. मग आमच्या पाटीचं चित्रण स्टुडिओवाल्याच्या ॲपमध्ये घातलं. जिथे आम्ही तीन लिहिला होता, तिथे त्याने ठसठशीत आठ काढून दिला, आणि दुसऱ्या खेपेला सहा. तेही पुरवणी म्हणून अहवालात गेलं.

आठवड्याने शिंपी एकटाच आला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. अधिकारी सोबत नसेल तर नातेवाइकांना आत घ्यायचं नाही असा नियम आहे. काका स्वतः बाहेर जाऊन त्याच्याशेजारी बसले, मी दारात उभी राहिले.

“तोच होता की नव्हता?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. या चित्रणातून कळत नाही.”

“एवढं स्वच्छ दिसतंय की.”

“ते ॲपने काढलंय. त्याने पुष्कळ पाट्या बघितलेल्या असतात. ठिपके कमी पडले की त्यातलं जमेल ते भरून देतं. तिथे होतं ते नाही, तिथे शोभेल ते.”

शिंप्याने आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला दुसरा फोटो काढला. त्याच स्टुडिओतून आणलेला. मुलगी वळून मागे बघतेय, धडकेच्या क्षणभर आधी. चेहरा लख्ख, शांत.

“हिची आई हा उशाशी घेऊन झोपते. म्हणते, बघा, पोरगी घाबरलेली नव्हती.” त्याने फोटो काकांपुढे धरला. “मग हे काय आहे?”

मूळ चित्रणात तो चेहरा मी पाहिला होता. पाच-सहा राखाडी ठिपके. सहा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की काकांनी खोटं बोलावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

शिंपीच बोलला. “तिच्या भुवईवर टाक्यांची खूण होती. लहानपणी माझीच कात्री लागली होती. यात ती नाही. मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. म्हटलं, उजेडात गेली असेल.”

“नाही,” काका म्हणाले. “हा तिचा चेहरा नाही.”

शिंप्याने मान हलवली. पाटीचा फोटो त्याने बाकावरच ठेवला. दुसरा परत खिशात घालून वरून बटण लावलं.

“मग त्या माणसाला सोडायला सांगा,” तो म्हणाला. “आणि घरी मी काय सांगू, तेही तुम्हीच सांगा.”

काका त्याला जिन्यापर्यंत पोचवायला गेले. ड्रायव्हर अटकेनंतर एकोणिसाव्या दिवशी सुटला, आणि ती व्हॅन अजूनही सापडलेली नाही. शिंप्याला पोचवून परत आल्यावर काका खुर्चीत बसले आणि त्यांनी मला विचारलं, आज आलेल्या पत्रावर पट्टी लावलीस का.