आधी चार कोपरे

आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत. पडद्याच्या आत मी पासपोर्टचे फोटो काढतो आणि बाहेर, रस्त्याच्या बाजूला, कोपरेबाई लोकांचे कागद स्कॅन करून ऑनलाइन अर्ज भरून देतात. हे नाव मीच ठेवलं. कोणताही कागद समोर आला की त्या आधी त्याचे चार कोपरे मोजतात, जणू एखादा वाटेत गळून पडला असेल. मग अक्षरं वाचायची, मग सावली बघायची, आणि कागद तिरका आहे का ते सगळ्यात शेवटी. तोवर रांग माझ्या पडद्यापर्यंत येते आणि माझं डोकं फिरतं.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एका गुणपत्रिकेची प्रत आहे. अगदी सरळ, स्वच्छ, अक्षर न् अक्षर ठसठशीत. फक्त खालची कडा कापली गेली आहे, त्यामुळे तारीख अर्धीच दिसते. ती बाईंच्या धाकट्या बहिणीची. बारा वर्षांपूर्वी तीन प्रतींमधून बाईंनी ही सगळ्यात देखणी म्हणून निवडली आणि पाठवली. अर्ज अपूर्ण ठरला, बहिणीचं एक वर्ष गेलं. बहीण पुढच्या वर्षी शिकली, नोकरीला लागली आणि सगळं विसरली. बाई विसरल्या नाहीत.

एका दुपारी एक नर्सबाई आल्या. मागोमाग त्यांचा नवरा, हातात पिशवी, चेहरा शिक्षा झाल्यासारखा. तो मुकाट्याने बाकावर बसला. नर्सबाई अकरा वर्षं हॉस्पिटलात तात्पुरत्या होत्या. आता कायम होण्याची संधी होती, पण त्यांचा प्रशिक्षणाचा दाखला दोनदा परत आला होता. पहिल्यांदा शेरा 'अस्पष्ट', दुसऱ्यांदा 'अपूर्ण'. तिसऱ्यांदा परत आला की अर्ज बंद, आणि मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

"मूळ दाखला कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"आधीच्या हॉस्पिटलाने जमा करून घेतला होता, ताई. ते बंद पडलं. आता कुणाकडे आहे, देव जाणे. माझ्याकडे या तीन प्रती आहेत."

बाईंनी तिन्ही प्रती संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी मांडल्या. पहिली मैत्रिणीने मोबाइलवरून पाठवलेली. कोपरे चारही होते, पण मोठी करून बघितली की अक्षरांचा भुगा व्हायचा. नोंदणी क्रमांकातला आकडा तीन की आठ, तेच कळेना. दुसरी ऑफिसातल्या मशिनवर काढलेली, बघत राहावी इतकी छान. पण दाखला लांबीला मोठा आणि मशिनची काच लहान, त्यामुळे खालची बोटभर पट्टी बाहेर राहिली होती. नेमका क्रमांक आणि शिक्का त्याच पट्टीत. तिसरी झेरॉक्सवरून केलेली. तिच्यात क्रमांक होता, पण त्याच्यावरचा निळा शिक्काही काळा झाल्यामुळे दोघांचं मिळून एक डबकं झालं होतं. शिवाय अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, मूळ दाखल्याचीच रंगीत प्रत हवी.

मी पडद्याआडून सगळं ऐकत होतो. राहवेना, म्हणून बाहेर आलो. "दुसऱ्या प्रतीला पहिलीची खालची पट्टी जोडू. आठाचा तीन करायचा की तिनाचा आठ, ते नर्सबाई सांगतील. दोन मिनिटांचं काम आहे."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी फोटोवाला असल्याची मलाच लाज वाटली.

"जोडलेला कागद म्हणजे बनवलेला कागद," त्या म्हणाल्या. "यांची नोकरी वाचवायची आहे, घालवायची नाही." मग नर्सबाईंकडे वळून म्हणाल्या, "अजून एखादी प्रत आठवते का? चांगलीच हवी असं नाही. खराब, वाकडी, कुणालाही दाखवायला नको वाटणारी."

बाकावरून हळूच आवाज आला, "मी काढलेला एक फोटो आहे."

"अहो, तो राहू द्या," नर्सबाई म्हणाल्या. "ताई, यांच्या फोटोंना घरात सगळे हसतात. काही कापलं जाईल या भीतीने हे एवढे लांब जातात की माणूस मुंगीएवढा आणि भिंतच जास्त. वर यांची स्वतःची सावली असतेच."

"दाखवा तर," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने पिशवीतून जुना मोबाइल काढला. दाखला जमा करायच्या आदल्या दिवशीचा फोटो. टेबलक्लॉथची फुलं, पाण्याचा पेला, मधोमध तिरका झालेला दाखला आणि खालच्या भागावर या गृहस्थांच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली. मला हसू आवरेना. बाई मात्र मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार.

"कोपरे आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी सावलीतला क्रमांक मोठा केला. अक्षरं काळपट होती, पण फुटली नव्हती. "सावली अक्षरांवर पडलीय, अक्षरांत शिरलेली नाही. चारही प्रतींत हा पहिला."

"हा?" नर्सबाई म्हणाल्या.

"तिरका कागद सरळ करता येतो, सावली उजळता येते. जे फोटोत आलंच नाही, ते मी कुठून आणू?"

मग त्या कामाला लागल्या. फोटो फिरवताना त्यांनी भोवतीची जागा वाढवून घेतली, नाहीतर वळवताना कोपरेच कापले जातात. टेबलक्लॉथ काढून टाकला, पण कागदाच्या कडेबाहेर बारीक पट्टी ठेवली, म्हणजे कडा पूर्ण आहे हे बघणाऱ्याला कळावं. सावली उजळताना त्या थबकल्या. जास्त उजेड दिला की क्रमांक छान दिसे, पण फिकट निळा शिक्का उडून जाई. त्यांनी उजेड दोन पायऱ्या कमी केला. शिक्काही राहिला, क्रमांकही वाचता आला, सावलीचा थोडा करडेपणा उरला. तो त्यांनी तसाच ठेवला.

साडेचारला त्यांनी फाइल ठरलेल्या आकारात बसवली आणि ती लहान झालेली फाइल पुन्हा उघडली. "तिथला माणूस हीच बघणार," असं म्हणत नवऱ्याला जवळ बोलावलं. "तुम्ही वाचा क्रमांक. नर्सबाईंना पाठ आहे, त्यांना न दिसताही दिसेल."

त्याने चष्मा पुसला आणि एकेक आकडा वाचला. शेवटचा तीन. नर्सबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही. पावणेपाचला अर्ज गेला.

नवव्या दिवशी दोघं पुन्हा आले. अर्ज मंजूर झाला होता. "घरातले सगळे फोटो आता हेच काढणार," नर्सबाई म्हणाल्या. नवरा बाकावर न बसता छाती काढून उभा होता.

ते गेल्यावर बाईंनी बहिणीला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "ताई, झालं ना आता? तो माझा कागद काढ त्या काचेखालून. मी कधीच विसरले ग."

फोन ठेवून बाईंनी काच उचलली. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या. त्यांनी काच दोन्ही बाजूंनी पुसली, गुणपत्रिकेवरची धूळ फुंकली आणि तिच्यावर काच परत ठेवली.

"तिने सांगितलंय ना काढायला," मी म्हणालो.

"ती विसरली, हे बरंच झालं," बाई म्हणाल्या. "पण मी विसरले असते, तर त्या दिवशी ती मशिनवरची देखणी प्रतच पाठवली असती."

तेवढ्यात एक बाई कागद घेऊन आत आल्या. मी पडद्याआड जायच्या आधी, मनातल्या मनात, कोपरे मोजले.